श्वासातला ॲसिटोन आणि मंदावलेली भूक

प्रश्न: तीन आठवडे झाले, पोळी, भात, साखर, फळं सगळं बंद केलंय. दिवसाला जेमतेम २० ग्रॅम कार्ब्ज पोटात जातात. बायको म्हणते, तुमच्या तोंडाला जास्त पिकलेल्या फळासारखा वास येतो. आणि मला भूकच लागत नाही, दुपारचं जेवण विसरायला होतं. हे किटोन्समुळे होतं म्हणतात. ते नेमकं काय असतं? घाबरण्यासारखं आहे का?

उत्तर:

तो वास ॲसिटोनचा आहे आणि तो फुप्फुसांतून येतोय. भूक मंदावणं हेही बऱ्याच अंशी त्याच प्रक्रियेचं दुसरं टोक आहे. तुम्हाला मधुमेह नसेल, कुठलं औषध चालू नसेल, पाणी नीट पीत असाल आणि कामं नेहमीसारखी होत असतील, तर यात घाबरण्यासारखं काही नाही. पण मधुमेहाची एखादी गोळी चालू असेल, तर आधी खाली उतरून ‘ग्लिफ्लोझिन’ गटाबद्दल लिहिलंय ते वाचा आणि मग इथे परत या. तुम्ही औषधांचा उल्लेख केलेला नाही, म्हणून हे पहिल्याच परिच्छेदात सांगतोय.

आता किटोन्स. यकृतात साधारण १०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर असते. कार्ब्ज बंद केले की हा साठा एका दिवसाच्या आसपास संपत येतो. स्नायूंतही साठा असतो, पण तो स्नायू स्वतःसाठीच वापरतात, रक्तात सोडत नाहीत. इकडे मेंदूला रोज १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. त्यातलं काही यकृत प्रथिनांपासून आणि चरबीतल्या ग्लिसरॉलपासून नव्याने बनवतं. पण सगळंच तसं बनवायचं ठरवलं तर स्नायू झपाट्याने झिजतील. चरबी तर अंगावर मुबलक असते, मात्र लांबलचक फॅटी ॲसिड्स मेंदू इंधन म्हणून जवळपास वापरत नाही. ओंडका अख्खाच्या अख्खा चुलीत जात नाही, त्याच्या ढलप्या कराव्या लागतात. यकृत नेमकं हेच करतं. फॅटी ॲसिडचा ओंडका फोडून त्याच्या चार-चार कार्बनच्या, पाण्यात सहज विरघळणाऱ्या ढलप्या करतं आणि रक्तात सोडतं. या ढलप्या म्हणजे किटोन्स. त्या मेंदूत जातात, हृदयात जातात, स्नायूंत जातात आणि तिथे जळतात. यकृताला मात्र त्या स्वतःला वापरता येत नाहीत, कारण त्यासाठी लागणारं एन्झाइम त्याच्याकडे नसतंच. त्यामुळे जे बनतं ते सगळं बाहेर जातं. दीर्घ उपवासात मेंदूची सुमारे दोन तृतीयांश गरज किटोन्स भागवू शकतात.

या कारखान्याचा लगाम इन्सुलिनच्या हातात असतो. इन्सुलिन जास्त असेल तर चरबीच्या पेशी फॅटी ॲसिड सोडत नाहीत आणि यकृतातही त्यांना जाळण्याच्या जागी जाणारं दार बंद राहतं. तुम्ही कार्ब्ज कमी केलेत, इन्सुलिन खाली आलं, त्याच्या उलट काम करणारं संप्रेरक ग्लुकॅगॉन वर गेलं, दोन्ही दारं उघडली. पण ज्याचं स्वादुपिंड धड आहे त्याच्यात लगाम सैल होतो, सुटत नाही. किटोन्स वाढले की ते स्वतःच चरबी वितळण्याला थोडा आवर घालतात आणि स्वादुपिंडाला थोडं इन्सुलिन सोडायला लावतात. म्हणून आहारातून आलेल्या किटोसिसमध्ये, म्हणजे किटोन्स वाढलेल्या या अवस्थेत, रक्तातलं त्यांचं प्रमाण बहुतेकदा ०.५ ते ३ मिलिमोल प्रति लिटरच्या दरम्यान कुठेतरी थांबतं. कित्येक आठवड्यांच्या उपासमारीतही ते साधारण ५ ते ७ च्या पुढे सहसा जात नाही. हा लगाम लक्षात ठेवा, धोक्याची सगळी गोष्ट त्याच्याभोवतीच फिरते.

यकृत आधी ॲसिटोॲसिटेट बनवतं. त्यातला मोठा भाग बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेटमध्ये बदलतो, रक्तात प्रामुख्याने तेच फिरत असतं. उरलेल्या ॲसिटोॲसिटेटचा रेणू मुळातच अस्थिर असतो. कुठल्याही एन्झाइमच्या मदतीशिवाय, आपला आपण, तो कार्बन डायऑक्साइड सोडून फुटतो आणि मागे ॲसिटोन उरतो. नेलपॉलिश काढायच्या बाटलीत असतो तोच. तो ५६ अंशांवर उकळतो, म्हणजे ३७ अंशांच्या अंगात तो उडून जायला टपलेलाच असतो. फुप्फुसांतल्या हवेच्या पिशव्यांपाशी रक्त आलं की तो हवेत उतरतो आणि प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो. थोडा लघवीतूनही जातो. साधं जेवण घेणाऱ्या माणसाच्या श्वासात तो हवेच्या दहा लाख भागांत एक-दोन भाग असतो, कडक लो-कार्बवर चाळीसपर्यंत जाऊ शकतो. कुणाला तो फळासारखा गोडसर वाटतो, कुणाला नेलपॉलिशसारखा, कुणाला नासक्या सफरचंदासारखा. ज्याच्या अंगातून तो येतो त्याचं नाक मात्र त्याला सरावतं, म्हणून तक्रार नेहमी घरातलं दुसरं माणूस करतं. तुमच्याकडेही तसंच झालंय.

तोंडाची दुर्गंधी आणि हा वास यांतला फरक घरीच कळतो. सकाळी जीभ घासून, चूळ भरून झाल्यावर तोंड मिटा आणि फक्त नाकातून श्वास सोडा. जवळ बसलेल्या माणसाला नाकातून आलेल्या हवेलाही तोच गोडसर वास आला, तर तो खोलातून, रक्तातून येतोय. नाकातून येत नाही, तोंड उघडल्यावरच येतो आणि कुजकट आहे, तर ते जिभेवरचे आणि हिरड्यांतले जिवाणू आहेत. लो-कार्बवर हेही वाढू शकतं, कारण पाणी कमी पडून तोंड कोरडं राहतं. कधी कधी दोन्ही एकत्र असतात. पुदिन्याच्या गोळ्या पहिल्या प्रकाराला हात लावत नाहीत, वरून सुगंध शिंपडतात एवढंच. शिवाय त्या साखरेच्या असतात.

इथे एक शंका मला नेहमी विचारतात: आम्ही एकादशी करतो, नवरात्राचे नऊ दिवस धरतो, मग आमच्या तोंडाला असा वास का येत नाही? कारण आपला बहुतेक उपवास कार्ब्जचाच असतो. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. खिचडीच्या एका ताटलीत सहज ५० ते ६० ग्रॅम कार्ब्ज जातात. वर बटाटा, केळं, राजगिऱ्याचा लाडू. इन्सुलिन खाली येतच नाही. उलट पर्युषणात आठ दिवस फक्त उकळलेल्या पाण्यावर अठाई करणारे जैन कुटुंबांतले लोक तपासायला आले की दार उघडल्यावर दोन पावलांवरून तो वास येतो. फरक श्रद्धेचा नाही, स्टार्चचा आहे.

तुमच्यासारखीच एक गोष्ट तपशिलात सांगतो. ४४ वर्षांचे गृहस्थ, बँकेत नोकरी, वजन ९२ किलो, मधुमेह नाही, गोळ्या नाहीत. अंडी, पनीर, चिकन, मेथी, कोबी, तूप, दही असा आहार, दिवसाला २० ते २५ ग्रॅम कार्ब्ज. हा आकडा किती लहान आहे ते सांगायला हवं: ज्वारीची मध्यम भाकरी म्हणजे साधारण ३५ ग्रॅम. एका भाकरीतच दिवसाचा कोटा उलटतो. पहिल्या तीन दिवसांत त्यांचं वजन दोन किलोंनी उतरलं आणि ते हरखून गेले. मी त्यांना सांगितलं की यात चरबी फार थोडी आहे. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, साठा संपला की ते सुटतं. शिवाय इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठ जास्त टाकतात आणि मिठामागे पाणी जातं. तिसऱ्या दिवशी डोकं दुखलं, उठताना गरगरलं. त्यांचा रक्तदाब ठीक होता, म्हणून मीठ घातलेलं पातळ ताक दिवसातून दोनदा घ्यायला सांगितलं, त्याने ते बंद झालं. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याने मात्र हे स्वतःच्या मनाने करू नये, कारण तिथे गरगरणं हे गोळीचा डोस आता जास्त होत असल्याचंही लक्षण असू शकतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी मुलीने वासाबद्दल सांगितलं. लघवीची किटोन पट्टी गडद जांभळी झाली. भूक मात्र पहिल्या आठवड्यात कमी झाली नव्हती, उलट दोन-तीन दिवस ते फार चिडचिडे आणि भुकेले होते. दहाव्या दिवसाच्या सुमाराला ती उतरली. तिसऱ्या आठवड्यात ते घाबरून आले, कारण पट्टी आता फिकट गुलाबीच होत होती. त्यांना वाटलं, किटोसिस सुटलं. बोटाच्या रक्तावर मोजलं तर १.४ मिलिमोल निघालं, म्हणजे सगळं जिथल्या तिथे होतं.

या पट्टीबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण तिच्यावर विसंबून लोक दोन्ही दिशांना चुकतात. पट्टीवरचं नायट्रोप्रुसाइड हे रसायन ॲसिटोॲसिटेटवर जांभळं होतं. रक्तात जो मुख्य किटोन असतो, बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट, तो तिला दिसतच नाही. शिवाय ती लघवी दाखवते, रक्त दाखवत नाही: पाणी जास्त प्यायलात तर फिकट, कमी प्यायलात तर गडद. काही आठवड्यांनी स्नायू आणि मेंदू किटोन्स चांगले वापरू लागतात आणि मूत्रपिंडंही ते कमी वाया घालवतात, म्हणून रंग उतरतो. निरोगी माणसाला यातून फार तर उगाच काळजी लागते. मधुमेहाच्या गंभीर किटोॲसिडोसिसमध्ये, म्हणजे किटोन्स बेसुमार वाढून रक्त आम्ल होतं तेव्हा, मात्र हीच उणीव महागात पडते. तिथे ॲसिटोॲसिटेटच्या कित्येक पट बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट असतं आणि पट्टी मध्यम रंग दाखवून खोटा दिलासा देते. खरा आकडा हवा असेल तर रक्तातला बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट मोजणारं मीटर किंवा प्रयोगशाळेची चाचणी, दुसरा मार्ग नाही.

आता भुकेकडे येऊ. वजन कमी करणाऱ्या प्रत्येकाचं शरीर प्रतिकार करतं. जठरातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक जास्त सुटतं आणि माणूस पूर्वीपेक्षा अधिक भुकेला होतो. मनाचा कमकुवतपणा म्हणून लोक ज्यासाठी स्वतःला दोष देतात तो बऱ्याचदा हा घ्रेलिनचा रेटा असतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जाड लोकांना आठ आठवडे खूप कमी कॅलरीचा, किटोसिसमध्ये ठेवणारा आहार दिला. सरासरी १३ टक्के वजन गेलं, तरी किटोसिस चालू असेपर्यंत घ्रेलिन वाढलं नाही आणि भूकही वाढली नाही. मग कार्ब्ज परत सुरू केले, किटोन्स उतरले, आणि कमी झालेल्या वजनासकट तीच माणसं आधीपेक्षा भुकेली झाली, घ्रेलिनही वर गेलं. किटोसिसने जो रेटा थोपवून धरला होता, तो दार उघडताच आत आला. तुम्ही हा आहार सोडाल तेव्हा हेच होणार आहे, आणि त्याची तयारी आतापासून ठेवायला हवी. लग्नाच्या पंक्तीत दोन जिलब्या खाल्ल्या आणि पुढचे तीन दिवस खा-खा सुटली, असं सांगणारे पेशंट खोटं बोलत नसतात.

यात किटोन्सचा स्वतःचा वाटा किती, हे वेगळं करून पाहणं अवघड असतं, कारण आहार बदलला की दहा गोष्टी एकदम बदलतात. म्हणून ऑक्सफर्डच्या संशोधकांनी उपाशी लोकांना थेट किटोन एस्टरचं पेय पाजून पाहिलं आणि तेवढ्याच कॅलरीच्या साखरेच्या पेयाशी तुलना केली. किटोनच्या पेयानंतर दोन ते चार तास घ्रेलिन कमी राहिलं आणि खावंसंही कमी वाटलं. म्हणजे किटोन्सना स्वतःचा परिणाम आहे. पण पानातलं बाकीचंही काम करत असतं. अंडी, पनीर, मासे यांची प्रथिनं पोट भरल्याची जाणीव लांबवतात. सकाळच्या पोह्यांनंतर अकरा वाजता येणारी ती कासाविशी येत नाही. आणि दुपारच्या चहाबरोबर बिस्किट नाही, फरसाण नाही, कुणाच्या वाढदिवसाचा केक नाही, तर सवयीने खाण्याची जागाच उरत नाही. भूक आणि खाण्याची संधी या दोन्ही एकदम कमी होतात आणि श्रेय सगळं किटोन्सना मिळतं.

त्या श्रेयाला मर्यादा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या प्रयोगात, जो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, वीस लोकांना संस्थेत ठेवून दोन आठवडे प्राणिज पदार्थांचा किटो आहार आणि दोन आठवडे वनस्पतिजन्य, कमी चरबीचा आहार दिला, दोन्ही मन मानेल तेवढा. कमी चरबीच्या आहारावर लोकांनी आपणहून दिवसाला जवळपास ७०० कॅलरी कमी खाल्ल्या, तरी भुकेबद्दल दोन्हीकडे त्यांचं म्हणणं सारखंच होतं. किटोवर दुसऱ्या आठवड्यात खाणं पहिल्यापेक्षा उतरलं हे खरं, पण किटोन्स आले की कमी खाल्लंच जाईल असं काही नाही. तुपात तळलेलं पनीर आणि काजूंच्या ओंजळी यांनी किटोसिसमध्ये असतानाही वजन थांबलेलं मी पुष्कळदा पाहिलंय.

भूक मेल्याचा तोटा असा की प्रथिनं पोटात जात नाहीत. तुम्ही दुपारचं जेवण विसरता म्हणताय. उंचीला साजेसं वजन ६५ किलो धरलं तर दिवसाला ७५ ते ९० ग्रॅम प्रथिनं हवीत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. एका अंड्यात सहा ग्रॅम, २०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण ३६ ते ४०. चार अंडी आणि तेवढं पनीर खाल्लं तरी अजून ६५ च्या आतच आहोत. शाकाहारी माणसाला तर हे जुळवणं फारच कठीण जातं, कारण आपली डाळ प्रथिनांबरोबर तिपटीच्या आसपास कार्ब्जही आणते. म्हणून भुकेची वाट बघू नका, घड्याळ बघून जेवा.

आता धोका. दुसरी पेशंट ५२ वर्षांची बाई, टाइप २ मधुमेह, मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन चालू. व्हिडिओ बघून त्यांनी स्वतःच भात-पोळी बंद केली, गोळ्या तशाच चालू ठेवल्या. पहिला आठवडा फार छान गेला, साखर उतरली, वास आला, भूक गेली. त्या खूश होत्या, कारण ही लक्षणं ‘चरबी जळत असल्याची’ म्हणून त्यांना माहीत होती. दहाव्या दिवशी मळमळ, मग उलट्या, पोटात दुखणं. एका दवाखान्यात ग्लुकोमीटरवर १७२ आली, साखर ठीक आहे म्हणून उलटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आणलं तेव्हा त्या धापा टाकत होत्या, खोल आणि जोरात, जणू जिना चढून आल्यात. छाती स्वच्छ होती. रक्तातले किटोन्स ६.१, बायकार्बोनेट ९, रक्ताचा पीएच ७.१२, साखर १८५. हा किटोॲसिडोसिस होता, साखर फारशी न वाढता झालेला.

इथे लगाम सुटला होता. ग्लिफ्लोझिन गटाच्या गोळ्या मूत्रपिंडातून साखर बाहेर टाकतात, दिवसाला कित्येक चमचे. त्याने रक्तातली साखर उतरते, साखर उतरली म्हणून इन्सुलिन उतरतं आणि ग्लुकॅगॉन वाढतं. म्हणजे गोळीच यकृताला किटोन्स बनवायला ढकलत असते. त्यावर कार्ब्ज बंद केले की दुसरा धक्का. मधुमेहामुळे स्वादुपिंडाची इन्सुलिन वाढवण्याची ताकद आधीच कमी असते. मग उलट्या झाल्या, पाणी कमी झालं, ताणाची संप्रेरकं वाढली, आणि किटोन्स ज्या वेगाने बनत होते त्या वेगाने वापरले जाईनात. किटोन्स आम्ल असतात. शरीराचा बायकार्बोनेटचा साठा त्यांना विझवण्यात खर्ची पडला आणि ते खोल श्वास म्हणजे आम्ल कार्बन डायऑक्साइडच्या रूपात बाहेर फेकण्याची शेवटची धडपड होती. साखर मात्र लघवीतून जात राहिल्याने मीटर दोनशेच्या आतच राहिलं आणि सगळ्यांना फसवत राहिलं. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी या गोळ्यांबाबत असा इशारा २०१५ मध्येच दिला होता. आपल्याकडे डापाग्लिफ्लोझिन स्वस्त झाल्यापासून ती घराघरात पोचली आहे, इशारा तेवढा पोचलेला नाही. त्या बाईंना अतिदक्षता विभागात सलाइन, शिरेतून इन्सुलिन आणि त्याच्याबरोबर मुद्दाम ग्लुकोज दिलं, पोटॅशियम दर काही तासांनी तपासत राहिलो. साखर आधीच कमी असताना इन्सुलिन कशाला, असं त्यांच्या मुलाने विचारलं. उत्तर लगामाचंच आहे: इन्सुलिन तिथे साखरेसाठी दिलं जात नव्हतं, किटोन्सचा कारखाना थांबवण्यासाठी दिलं जात होतं, आणि ग्लुकोज त्या इन्सुलिनने साखर कोसळू नये म्हणून. तीन दिवसांनी त्या घरी गेल्या, ती गोळी कायमची बंद करून.

तुमच्या आणि त्यांच्या श्वासाचा वास एकच होता हे नीट ध्यानात घ्या. वासावरून दोघांत फरक करता येत नाही. फरक बाकीच्या गोष्टींवरून कळतो. तुम्हाला भूक नाही, पण समोर आलं तर तुम्ही खाऊ शकता. त्यांना अन्नाचा वासही नकोसा झाला होता आणि पाणीही पोटात ठरत नव्हतं. तुमचा श्वास संथ आहे. त्यांचा बसल्याजागी वेगाने आणि खोल चालला होता. तुम्ही कामावर जाताय. त्या गुंगीत होत्या. भूक न लागणं आणि मळमळणं यांच्यामधली रेघ ओलांडली की आहाराची चर्चा थांबवून थेट रुग्णालय गाठायचं. तिथे साखर किती हे सांगून गप्प बसू नका, ‘रक्तातले किटोन्स आणि ब्लड गॅस तपासा’ असे शब्द स्वतःहून उच्चारा आणि गोळ्यांच्या पट्ट्या हातात ठेवा.

मधुमेह असलेल्यांसाठी आकडे असे: रक्तातले किटोन्स ०.६ च्या आत असतील तर ठीक, दीडच्या वर गेले तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला, ३ च्या वर किंवा कितीही आकड्याला उलट्या सुरू असतील तर वाट बघू नका. ज्यांना मधुमेह नाही त्यांना आहारावर दीड-दोन आकडा दिसणं अपेक्षितच असतं. गोळीच्या पट्टीवर नाव बघा: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, रेमोग्लिफ्लोझिन. मेटफॉर्मिन किंवा ‘ग्लिप्टिन’बरोबर एकाच गोळीतही हे असतात, म्हणून ब्रँडचं मोठं नाव सोडून खालची बारीक अक्षरं वाचा. यातलं काही चालू असेल तर कडक लो-कार्ब करू नका. करायचंच असेल तर गोळी आधी बंद करायची की नाही आणि किती दिवस आधी, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. गोळी थांबवल्यावरही तिचा परिणाम काही दिवस रेंगाळतो, म्हणून ‘कालच बंद केली’ हे पुरेसं नसतं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांचा धोका उलटा आहे: जेवणातले कार्ब्ज गेले आणि डोस तोच राहिला तर साखर खूप खाली जाते. टाइप १ मधुमेह, गर्भारपण आणि बाळाला अंगावर पाजण्याचा काळ यांत हा आहार स्वतःच्या मनाने अजिबात नको. दूध पाजणाऱ्या आईची साखर दुधावाटे जात असते, आणि मधुमेह नसतानाही अशा बायकांना कडक लो-कार्बवर किटोॲसिडोसिस झाल्याच्या नोंदी आहेत.

हा आहार मुळात औषध म्हणून जन्मला, हेही इथे सांगावंसं वाटतं. १८५७ मध्ये प्रागमध्ये पेटर्स यांना मधुमेहाने बेशुद्ध झालेल्या रुग्णाच्या लघवीत ॲसिटोन सापडला, तेव्हा किटोन्स हे विष मानले गेले. पुढे १९२१ मध्ये मेयो क्लिनिकच्या वाइल्डर यांनी मिरगीच्या रुग्णांसाठी उपवासाची नक्कल करणारा आहार सुचवला आणि त्याला ‘किटोजेनिक’ हे नाव दिलं. औषधांना दाद न देणाऱ्या मिरगीत लहान मुलांना तो आजही देतात, पण तोलून-मापून आणि रक्त तपासत तपासत.

तुमच्या वासाचं काय करायचं? बऱ्याच जणांचा तो काही आठवड्यांत आपोआप उतरतो. तोवर पाणी भरपूर प्या, जीभ रोज घासा, जेवणानंतर चिमूटभर बडीशेप चालेल. तरीही घरच्यांना त्रास होत असेल तर २० वरून ५० ते ६० ग्रॅमवर या, म्हणजे दिवसाला एक भाकरी परत सुरू करा. किटोन्स उतरतील, वास जाईल, भूक थोडी परतेल. वजन उतरणं त्यामुळे थांबेलच असं नाही. वास आला म्हणजेच चरबी जळते, हे समीकरण अर्धवट आहे, कारण किटोन्स ताटातल्या तुपापासूनही तितक्याच सहज बनतात. पोटाचा घेर टेपने महिन्यातून एकदा मोजा, तो श्वासापेक्षा खरं सांगतो. आणि आज घरी गेल्यावर कपाटातल्या सगळ्या गोळ्यांची नावं एका कागदावर उतरवून मला कळवा. रक्तदाबाच्या असतील त्यासुद्धा.